सुई कुठून घालायची?

चौदा वर्षांच्या मुलाच्या गुडघ्याच्या वर गाठ दिसली, एक्स-रेवर हाड खाल्ल्यासारखं दिसलं, की घरच्यांना आणि पुष्कळदा डॉक्टरांनाही एकच घाई होते : तुकडा काढून तपासायला पाठवू. तुकडा काढायचा यात वाद नाही. पण तो कोणी काढायचा, कुठून काढायचा आणि त्याआधी काय काय झालेलं असायला हवं, यावर त्या मुलाचा पाय राहणार की जाणार हे पुष्कळ अंशी ठरतं. हाडाच्या कर्करोगाच्या सगळ्या उपचारांत बायोप्सी हे सगळ्यांत छोटं काम. वीस मिनिटांत उरकतं, टाका एखादाच पडतो. आणि चुकलं तर सगळ्यांत महागात पडतं तेही हेच.

हे असं का, ते समजायला आधी हा रोग कुणाला होतो आणि कुठे होतो ते पाहायला हवं. इथे फक्त हाडातच उगम पावणाऱ्या घातक गाठींचा विचार करू. स्तन, फुफ्फुस, प्रोस्टेट इथल्या कर्करोगाच्या पेशी हाडात येऊन बसतात ती गोष्ट वेगळी. ती कितीतरी जास्त आढळते. म्हणून चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या हाडात नवी पोखरलेली जागा दिसली तर पहिला संशय दुसरीकडून आलेल्या कर्करोगाचा आणि मायलोमाचा घ्यायचा. वाढत्या वयाच्या मुलात मात्र हिशेब उलटा होतो. तिथे संशयाच्या यादीत हाडाचाच कर्करोग वर येतो आणि त्यात सर्वांत वरचं नाव ऑस्टिओसार्कोमाचं.

ऑस्टिओसार्कोमा मुख्यतः दहा ते वीस या वयात होतो आणि त्यातले निम्म्याहून अधिक रुग्ण गुडघ्याच्या आसपासचे असतात : मांडीच्या हाडाचं खालचं टोक किंवा नडगीच्या हाडाचं वरचं टोक. त्यानंतर दंडाच्या हाडाचा खांद्याकडचा भाग. या जागा एकत्र पाहिल्या की एक गोष्ट लक्षात येते. मूल उंच होतं ते मुख्यतः याच टोकांमुळे. मांडीच्या हाडाची सुमारे सत्तर टक्के वाढ गुडघ्याकडच्या चकतीतून होते, दंडाच्या हाडाची सुमारे ऐंशी टक्के खांद्याकडच्या चकतीतून. जिथे पेशी भराभर विभागत असतात तिथे चूक होण्याची संधीही जास्त, असं यामागचं कारण मानलं जातं. वयात येताना झपाट्याने उंची वाढण्याचा काळ आणि या रोगाचा काळ एकमेकांवर येऊन पडतो तो यामुळेच.

दुर्दैव असं, की हाच काळ खेळण्या-पडण्याचाही असतो. कबड्डीत लागलं असेल, सायकलवरून पडला असेल, म्हणून दुखतंय, असं घरात कुणीही म्हणेल. माराने हा रोग होत नाही. मार लागल्याने फक्त त्या जागेकडे लक्ष जातं. मग तेल लावून चोळणं, हाडवैद्याकडची पट्टी, क्रेप बँडेज, वेदनाशामक गोळ्या यांत आठवडे निघून जातात. खेळताना झालेलं दुखणं विश्रांतीने उतरतं. हे दुखणं विश्रांतीने उतरत नाही, रात्री मुलाला झोपेतून उठवतं आणि दर आठवड्याला थोडं वाढतं. वाढत्या वयात अशी एकाच गुडघ्याची, एकाच जागची वेदना दोन-तीन आठवड्यांपलीकडे गेली तर एक साधा एक्स-रे काढून घ्यावा. मालिश मात्र त्या जागी करू नये.

आता नमुन्यादाखल एक केस घेऊ आणि शेवटपर्यंत तिच्याबरोबर जाऊ. चौदा वर्षांचा मुलगा, उजव्या गुडघ्याच्या वर आतल्या बाजूला दोन महिन्यांपासून दुखणं, गेल्या तीन आठवड्यांत सूज. ताप नाही. सूज हाताला घट्ट लागते, ती हाडावरच बसलेली आहे, वरची कातडी किंचित गरम आहे. गुडघा पूर्ण वाकत नाही.

एक्स-रे समोरून आणि बाजूने असे दोन काढले. तो वाचताना पहिलं पाहायचं ते गाठीच्या कडेकडे. गाठ सावकाश वाढत असेल तर भोवतालच्या हाडाला सावरायला वेळ मिळतो, ते गाठीभोवती पांढरी, रेखीव कड बांधतं. अशी कड पेन्सिलने आखल्यासारखी दिसली तर बहुधा निर्धास्त राहता येतं. या मुलाच्या एक्स-रेत गाठ कुठे संपते आणि चांगलं हाड कुठे सुरू होतं तेच सांगता येत नाही. मधला पट्टा धूसर, रुंद आहे. हाडाला कड बांधायला सवडच मिळालेली नाही. कुठल्याही नावापेक्षा ही धूसर कड जास्त बोलकी असते.

दुसरं पाहायचं ते हाडावरच्या आवरणाकडे. गाठ हाडाची भिंत फोडून बाहेर येते तेव्हा हे आवरण उचललं जातं, आणि उचललेल्या आवरणाखाली नवं हाड तयार होऊ लागतं. गाठ फारच वेगाने पुढे सरकली, तर मधल्या भागात ते नवं हाड टिकत नाही. फक्त दोन्ही कडांना, जिथे आवरण हाडाला अजून चिकटलेलं आहे तिथे, त्रिकोणी कोपरा उरतो. बॉस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांच्या नावावरून त्याला कॉडमनचा त्रिकोण म्हणतात. हाडाच्या सार्कोमाच्या केसेस देशभरातून एका जागी गोळा करण्याची नोंदवही त्यांनी 1920च्या सुमारास सुरू केली होती. कधी कधी नव्या हाडाचे बारीक काटे हाडाच्या काटकोनात बाहेर पसरतात, उगवत्या सूर्याच्या किरणांसारखे. या मुलाच्या एक्स-रेत आतल्या बाजूला त्रिकोण आहे, आणि बाहेर आलेल्या गाठीत ढगासारखे पांढरे पुंजके आहेत. ते पुंजके म्हणजे गाठीच्या पेशींनी स्वतः बनवलेलं ओबडधोबड हाड.

वय, जागा, धूसर कड, त्रिकोण आणि गाठीतलं हाड : एवढ्यावर अनुभवी डॉक्टर ऑस्टिओसार्कोमाचं नाव बहुतेक खात्रीने घेईल. तरीही कॉडमनचा त्रिकोण हा कर्करोगाचा पुरावा नव्हे. आवरण कशानेही वेगाने उचललं गेलं की तो दिसू शकतो, अगदी हाडातल्या पू-संसर्गानेही. आणि साधा एक्स-रे उशिरा बोलतो. हाडातलं तीस ते पन्नास टक्के खनिज गेल्याशिवाय पोकळी नीट दिसतच नाही. म्हणून 'एक्स-रे नॉर्मल' असूनही रात्रीचं दुखणं चालूच राहिलं तर एमआरआय करायला हवा.

दोन चुलत रोगांची ओळख इथेच करून देतो, कारण बायोप्सीत त्यांचा प्रश्न येतो. युइंग सार्कोमाही मुलांचाच आजार, पण त्याची आवड वेगळी : लांब हाडांचा मधला दांडा, कंबरेचं हाड, फासळ्या. एक्स-रेत हाड वाळवी लागल्यासारखं बारीक भोकांचं दिसतं आणि आवरणाखाली कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर दिसतात. या मुलांना ताप येतो, रक्तातला ईएसआर वाढतो, गाठ उघडली तर आतून पुवासारखा द्रव येतो. मग सर्जन तो पू समजून फक्त कल्चरला पाठवतो, जंतू सापडत नाहीत, अँटिबायोटिक्स चालू राहतात आणि महिने वाया जातात. म्हणून जाणत्या विभागांत नियमच असतो : जे पू वाटतं त्याचा तुकडा पॅथॉलॉजीला जातो, आणि जी गाठ वाटते तिचा तुकडा कल्चरलाही जातो. तिसरा कॉन्ड्रोसार्कोमा, म्हणजे कूर्चेचा कर्करोग. तो चाळिशीनंतरचा, कंबर, मांडीचं वरचं टोक, खांदा इथला. एक्स-रेत कड्या आणि कमानींसारखा चुना साचलेला दिसतो. बहुतेक कॉन्ड्रोसार्कोमावर केमो आणि किरणोपचार फारसे चालत नाहीत, सगळी भिस्त शस्त्रक्रियेवर. त्यामुळे तिथे गाठीच्या पेशी सांडल्या तर दुसरी संधी जवळपास नसतेच.

पुन्हा आपल्या मुलाकडे. एक्स-रे झाला, संशय पक्का झाला. आता सुई? अजून नाही. आधी संपूर्ण मांडीच्या हाडाचा एमआरआय, नुसत्या गुडघ्याचा नव्हे. ऑस्टिओसार्कोमा कधी कधी त्याच हाडात वर, मध्ये चांगलं हाड सोडून, दुसरा ठिपका टाकतो. तो सुटला तर पुढची सगळी शस्त्रक्रिया चुकीच्या जागी आखली जाते. एमआरआय बायोप्सीच्या आधी करण्याचं आणखी एक कारण आहे. सुईने आत रक्त साकळतं, सूज येते, आणि मग गाठ कुठवर आणि रक्त कुठवर हे चित्रावर वेगळं करता येत नाही. छातीचा सीटी स्कॅनही हवा, कारण हा रोग पहिला पसरतो तो फुफ्फुसांत. या मुलाची छाती स्वच्छ निघाली. एमआरआयमध्ये गाठ हाडाबाहेर आतल्या बाजूला, मांडीच्या आतल्या स्नायूखाली आलेली दिसली. गुडघ्याच्या मागची मोठी रक्तवाहिनी आणि नस अजून मोकळी, गुडघ्याचा सांधाही मोकळा.

सुई कुठून जाणार याला इतकं महत्त्व का, ते इथे सांगायला हवं. सुई गाठीतून बाहेर येते तेव्हा तिच्या वाटेत गाठीच्या पेशी आणि रक्त मागे राहतं. ती सगळी वाट दूषित झाली असं धरायचं, अपवाद नाही. म्हणून पुढे मुख्य शस्त्रक्रियेत गाठीसोबत ती वाटही काढावी लागते : कातडीवरचा व्रण, खालची चरबी, स्नायूचा तेवढा भाग, सगळं एकसंध, न उघडता. याचा अर्थ असा, की बायोप्सी करणाऱ्याने पुढची शस्त्रक्रिया आधी डोळ्यांपुढे आणायला हवी. जिथे तो पुढे चीर देणार आहे त्याच रेषेवर आज सुई जायला हवी.

त्यातून बाकीचे नियम आपोआप निघतात. उघडी बायोप्सी करायची असेल तर हात-पायावर चीर लांबीच्या दिशेने द्यायची, आडवी कधीच नाही. आडवा व्रण काढायचा म्हणजे पायाच्या रुंदीभर कातडी काढावी लागते आणि मग ती बंद होत नाही. वाट एकाच स्नायूतून न्यायची. ऑर्थोपेडिक शस्त्रक्रियेत दोन स्नायूंच्या मधून जाणं हे कौशल्य मानलं जातं, कारण रक्त कमी जातं आणि स्नायू वाचतात. इथे तेच कौशल्य घात करतं. मधल्या फटीत रक्त वर-खाली पसरतं आणि दोन्ही स्नायू दूषित होतात. दंडाच्या वरच्या टोकाला नेहमीची वाट खांद्याच्या आणि छातीच्या स्नायूंमधून जाते. बायोप्सीला ती सोडून खांद्याच्या स्नायूच्या पुढच्या भागातून थेट आत जातात. त्या स्नायूची नस मागून पुढे येते, त्यामुळे पुढचा तुकडा काढला तरी मागचा भाग काम करत राहतो. नसा आणि मोठ्या रक्तवाहिन्यांपासून दूर, आणि सांध्याच्या पोकळीतून तर अजिबात नाही. गुडघ्याच्या वाटीच्या वर सांध्याचा एक पिशवीसारखा भाग मांडीत वर चढलेला असतो. कुणी समोरून, वाटीच्या थोडं वर सुई घातली तर ती या पिशवीतून जाते, आणि मग सगळा गुडघाच दूषित धरावा लागतो.

या मुलाला भूल दिली. एमआरआय पडद्यावर लावून, पुढच्या शस्त्रक्रियेची रेषा मांडीच्या आतल्या बाजूला पेनने आखली. त्या रेषेवर, सांध्याच्या पिशवीच्या वर, काही मिलिमीटरची चीर दिली. मांडीच्या आतल्या स्नायूतून, सी-आर्मच्या चित्रावर पाहत, सुई हाडाबाहेरच्या गाठीच्या कडेच्या भागात नेली. गाठीचा मधला भाग पुष्कळदा मेलेला असतो, तिथून काही कळत नाही. कॉडमनच्या त्रिकोणातूनही तुकडा घ्यायचा नाही. तो शरीराने बनवलेला चांगला हाडाचा भाग. तिथला तुकडा गेला तर रिपोर्ट येतो 'जुळत असलेलं हाड', आणि घरचे पेढे वाटतात. कातडीच्या एकाच भोकातून, सुईची दिशा थोडी थोडी बदलून, चार-पाच तुकडे घेतले. बहुतेक फॉर्मलिनमध्ये, एक जनुकीय तपासणीसाठी ताजा, एक कल्चरला. दहा मिनिटं दाबून धरलं, कारण आत साकळणारं रक्त जिथवर जाईल तिथवर दूषित भाग वाढतो. एक टाका घातला. तो टाका पुढे व्रण ओळखायला उपयोगी पडतो. वाट कुठून गेली हे चित्र काढून कागदावर लिहून ठेवलं. मग पायाला स्प्लिंट दिला आणि त्या पायावर वजन टाकायला मनाई केली. पोखरलेलं हाड मोडलं तर गाठीचं रक्त मांडीभर पसरतं.

आपल्याकडे 'एफएनएसी करून घ्या' असं सहज सांगितलं जातं. बारीक सुईने सुट्या पेशी मिळतात, त्यांची मांडणी मिळत नाही. आणि ऑस्टिओसार्कोमाचं निदान मांडणीवरच उभं असतं : घातक पेशींनी स्वतः कच्चं हाड बनवलेलं दिसायला हवं. म्हणून इथे जाड सुईने काढलेला तुकडाच हवा.

रिपोर्ट आला : ऑस्टिओसार्कोमा. तो एक्स-रेशी जुळतो का, मुलाच्या वयाशी, दुखण्याशी जुळतो का, हे सर्जन, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट यांनी एकत्र बसून पाहिलं. ही बैठक औपचारिक नव्हे. एक्स-रेची कड धूसर असताना रिपोर्ट निरुपद्रवी आला, तर रिपोर्टवर समाधान मानायचं नाही, तुकडा बरोबर जागेचा होता का ते विचारायचं आणि गरज पडली तर पुन्हा घ्यायचा.

हे सगळं इतक्या काटेकोरपणे का सांगतोय, त्याला आकड्यांचा आधार आहे. अमेरिकेतले सर्जन हेन्री मॅनकिन यांनी सहकाऱ्यांसह 1982मध्ये 329 रुग्णांच्या बायोप्सींचा हिशेब मांडला. जवळजवळ पाचातल्या एकाच्या निदानात मोठी चूक झाली होती, आणि 15 जणांचा जो अवयव वाचवता आला असता तो केवळ बायोप्सीतल्या गोंधळामुळे कापावा लागला. चुका विशेषतः तिथे जास्त, जिथे बायोप्सी एका रुग्णालयात झाली आणि उपचाराला रुग्ण दुसरीकडे गेला. 1996मध्ये त्यांनी 597 रुग्णांचा पुन्हा अभ्यास केला. तोवर चौदा वर्षं उलटली होती, इशारा सगळीकडे पोहोचला होता, तरी चित्र फारसं बदललं नव्हतं. 18 जणांचा अवयव विनाकारण गेला होता.

म्हणून माझं आग्रहाचं म्हणणं आहे, की एक्स-रेवर संशय आला तर जिल्ह्याच्या ठिकाणी तुकडा न काढता मुलाला थेट अशा केंद्रात पाठवावं जिथे पुढची शस्त्रक्रिया होणार आहे. परळचं टाटा मेमोरियल हे महाराष्ट्रातलं सर्वांना ठाऊक असलेलं नाव. प्रवासाचे दोन दिवस गेले तरी चालतील, आडवी चीर चालणार नाही. सर्वांत वाईट प्रसंग येतो तो हाड मोडल्यावर. गाठीमुळे मोडलेलं हाड साधं फ्रॅक्चर समजून त्यात वरून खालपर्यंत रॉड बसवला जातो आणि सबंध हाडाच्या पोकळीत पेशी पेरल्या जातात. लहानसहान धक्क्याने मांडीचं हाड मोडलं असेल तर रॉड घालण्याआधी त्या मोडलेल्या जागेच्या कडा एक्स-रेवर नीट पाहायलाच हव्यात.

बायोप्सी आधीच दुसरीकडे झाली असेल तर लगेच दुसरी करायची नाही. मूळ स्लाइड्स आणि मेणातले ब्लॉक मागवून घ्यायचे, ऑपरेशन नोट मागायची, व्रणाचा फोटो घ्यायचा. हे सगळं रुग्णाच्या हक्काचं आहे आणि नातेवाइकांनी ते मागायला संकोच करू नये.

आता उपचार. कॅनडाच्या टेरी फॉक्सला 1977मध्ये, अठराव्या वर्षी, उजव्या गुडघ्याशी ऑस्टिओसार्कोमा झाला आणि त्याचा पाय गुडघ्याच्या वर कापला गेला. 1980मध्ये तो कृत्रिम पायावर कॅनडा ओलांडायला धावत निघाला, फुफ्फुसात रोग पसरल्याने त्याला थांबावं लागलं आणि 1981मध्ये तो गेला. केमोथेरपी रुळण्याआधी पाय कापूनही बहुतेक मुलं फुफ्फुसातल्या रोगाने दगावत, कारण निदानाच्या वेळीच न दिसणाऱ्या पेशी तिथे पोहोचलेल्या असतात. त्या पेशींवर औषधच लागतं. आज रोग पसरलेला नसताना उपचार पुरे झाले तर साधारण दहांतली सहा ते सात मुलं वाचतात. पण त्या आकड्याचा आणि पाय वाचण्याचा लाभ त्याच मुलाला मिळतो ज्याची गाठ एकसंध काढता येते.

आपल्या मुलाला आधी सुमारे अडीच महिने केमो मिळाली. मग शस्त्रक्रियेत मांडीच्या आतल्या बाजूला, त्याच रेषेवर चीर दिली. जुन्या टाक्याभोवती पानाच्या आकाराची कातडी गाठीलाच जोडलेली ठेवली, तिच्याखालचा स्नायूचा भाग तसाच ठेवून मांडीच्या हाडाचा खालचा हिस्सा बाहेर काढला आणि त्या जागी धातूचा मेगाप्रोस्थेसिस बसवला. पॅथॉलॉजिस्टने ते हाड उभं चिरून त्याचा नकाशा काढला आणि गाठीतल्या किती पेशी मेल्या ते मोजलं. नव्वद टक्क्यांहून अधिक मेलेल्या निघाल्या, म्हणजे औषध लागू पडलं होतं. कडा स्वच्छ होत्या, सुईची वाट पूर्णपणे नमुन्यात होती. उरलेली केमो त्याच औषधांनी चालू राहिली, आणि पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी गुडघ्याचा एक्स-रे आणि छातीची तपासणी ठरली.